पाच हजार बाकी ठेवले, व्याज लागलं चाळीस हजारांवर

क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरलं नाही तर व्याज लागतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते कोणत्या रकमेवर लागतं, कोणत्या तारखेपासून लागतं आणि एकदा लागायला लागलं की थांबतं कधी, हे मला गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर या काळात कळलं. या सगळ्याचा हिशेब मी वहीत मांडून ठेवला होता. ऑफिसमधल्या दोघांनी तो मागून घेतला, तेव्हा वाटलं की नीट लिहूनच काढावं. रकमा सोप्या जाव्यात म्हणून पैसे सोडून रुपयांतच लिहिते.

माझ्या कार्डाचं स्टेटमेंट दर महिन्याच्या 15 तारखेला येतं आणि पैसे भरायला त्यापुढे 20 दिवस मिळतात. म्हणजे 16 मे ते 15 जून या काळातला खर्च 15 जूनच्या बिलात येतो आणि त्याची ड्यू डेट असते 5 जुलै. बँका 'पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी' अशी जाहिरात करतात, ती इथूनच येते. 16 मेला खरेदी केली तर 5 जुलैपर्यंत 50 दिवस मिळतात, 15 जूनला केली तर फक्त 20. त्या 'पर्यंत' शब्दाकडे माझं लक्ष होतं. मी तारखा बघून खर्च करणारी आहे.

मे महिन्यात ऑफिसच्या कामासाठी मला बाहेरगावी जावं लागलं. तिकिटं आणि हॉटेलचे मिळून 30,000 रुपये मी 20 मेला माझ्या कार्डावरून भरले. आमच्याकडे असंच चालतं. आधी आपण भरायचं, मग पावत्या जोडायच्या आणि अकाउंट्सकडून परतावा घ्यायचा. 5 जूनला घरचा 10,000 रुपयांचा खर्च झाला. 15 जूनचं बिल आलं बरोबर 40,000 रुपयांचं. परतावा जूनअखेर येईल असं अकाउंट्सने सांगितलं होतं, म्हणून मी निर्धास्त होते.

जून संपला तरी परतावा आला नाही. एका सहीसाठी फाइल अडली होती. 5 जुलैला माझ्या बचत खात्यात 35,000 रुपये मोकळे होते. बाकीची रक्कम घराच्या हप्त्यासाठी ठेवणं भाग होतं. पैसे भरण्याआधी मी बँकेच्या कस्टमर केअरला फोन करून विचारलं, "मी 35,000 भरले आणि 5,000 पुढच्या महिन्यात भरले, तर काय होईल?" पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, मिनिमम ड्यू 2,000 आहे. त्यापेक्षा जास्त भरताय, त्यामुळे लेट फी लागणार नाही. बाकी रकमेवर नियमाप्रमाणे व्याज लागेल."

या उत्तरात खोटं काहीच नव्हतं. मी 'बाकी रकमेवर' हे शब्द ऐकले आणि 'नियमाप्रमाणे' हा शब्द कानावरून गेला. कार्डाचा दर महिन्याला 3.5 टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के. 5,000 रुपये, पुढच्या स्टेटमेंटपर्यंत 10 दिवस. हिशेब केला तर साधारण 58 रुपये येत होते. एवढ्याला काय घाबरायचं? 35,000 भरले. ॲपवर हिरवी खूण आली, पैसे मिळाल्याचा मेसेज आला. कुठेही सावधगिरीची एक ओळ दिसली नाही.

15 जुलैचं स्टेटमेंट उघडलं. मागची बाकी 5,000. नवा खर्च 12,000, त्यात 20 जूनचे 8,000 आणि 8 जुलैचे 4,000. आणि त्याखाली 'फायनान्स चार्जेस' 2,253, त्यावर 18 टक्के जीएसटी 406. एकूण 19,659.

आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचा आकडा माझ्या बिलात शिरलाय. 5,000 रुपयांवर दहा दिवसांत सव्वादोन हजार व्याज लागूच शकत नाही. त्या संध्याकाळी भाऊ घरी आला होता. त्याला बिल दाखवलं तर तो म्हणाला, "ताई, पाच हजारांसाठी मला एक फोन करता आला नाही तुला?" त्याचं बरोबर होतं, पण 58 रुपयांसाठी कोण कुणाला फोन करतं?

दुसऱ्या दिवशी ॲपमधून सर्व्हिस रिक्वेस्ट टाकली. इथे एक सांगते. 'व्याज जास्त लागलंय, रद्द करा' असं लिहिलं तर ठरलेलं उत्तर येतं. मी लिहिलं, 'फायनान्स चार्जेस कोणत्या व्यवहारावर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या दराने लावले, त्याचं व्यवहारवार विवरण पाठवा.' नेमकं मागितलं की उत्तरही नेमकं यायची शक्यता वाढते. उत्तर यायला काही दिवस लागणार होते, तोवर मी कार्डाबरोबर आलेली कागदपत्रं काढली.

त्यात एक पुस्तिका असते. 'मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स' असं तिचं भारदस्त नाव आहे आणि बँकेतले लोक तिला एमआयटीसी म्हणतात. बँकेच्या वेबसाइटवरही ती मिळते. आधीच्या महिन्याच्या बिलातली कोणतीही रक्कम बाकी असेल तर बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे या पुस्तिकेत स्पष्ट समजावून सांगा आणि उदाहरणं देऊन दाखवा, असं रिझर्व्ह बँकेने कार्ड देणाऱ्या कंपन्यांना बजावलेलं आहे. क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयीचे हे निर्देश एप्रिल 2022 मध्ये निघाले आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून लागू झाले. माझ्या पुस्तिकेतही ते वाक्य होतं. उदाहरणही होतं, बारीक टायपात, पण होतं. 'कोणतीही रक्कम' हे शब्द मी पेन्सिलने अधोरेखित केले. त्यात 5,000 बसतात आणि 100 रुपयेही बसतात.

पुस्तिकेतल्या उदाहरणाबरहुकूम मी माझा हिशेब मांडायला बसले. सूत्र साधं आहे. रक्कम गुणिले दिवस गुणिले 42 टक्के, भागिले 365.

मी 20 मेला खर्च केलेले 30,000 रुपये 5 जुलैपर्यंत 46 दिवस बँकेचे होते. त्यांचं व्याज 1,588. पुढे 5 जूनचे 10,000 रुपये, 5 जुलैपर्यंत 30 दिवस, त्यांचं 345. इथेच 1,933 झाले, आणि ज्या 5,000 रुपयांची मला काळजी होती त्यांचा अजून पत्ताही नव्हता. 5 जुलैला 35,000 भरल्यावर उरलेले 5,000, 15 जुलैपर्यंत 10 दिवस, त्यांचे 58. म्हणजे माझा अंदाज चुकला नव्हता, फक्त तो बिलाच्या एका ओळीपुरता होता. मग नवा खर्च. 8 जुलैचे 4,000, सात दिवस, 32 रुपये. आणि 20 जूनचे 8,000, पंचवीस दिवस, 230 रुपये.

बेरीज केली. 2,253. बिलातल्या आकड्याशी तंतोतंत जुळली. राग जाऊन मला जरा बरंच वाटलं, कारण आता निदान कळत होतं की काय झालंय.

यात दोन गोष्टी मला नव्या होत्या. पहिली, व्याज ड्यू डेटपासून सुरू होत नाही, खरेदीच्या तारखेपासून सुरू होतं. मी आजवर समजत होते की ते पहिले 46 दिवस मला मिळून गेलेत, आता पुढचं काय ते बघायचं. प्रत्यक्षात ते दिवस मिळालेले नसतातच. ड्यू डेटपर्यंत बिल पूर्ण भरलं तर त्या दिवसांचं व्याज माफ होतं, एक रुपया कमी पडला तर माफी रद्द होते आणि मोजणी खरेदीच्या दिवसापासून होते. बिनव्याजी मुदत ही अटीवर दिलेली माफी आहे, असं एकदा समजून घेतलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं.

दुसरी गोष्ट 20 जूनच्या 8,000 रुपयांची. तो खर्च केला तेव्हा माझी काहीही थकबाकी नव्हती. 15 जूनचं बिल येऊन पाचच दिवस झाले होते आणि ड्यू डेट पंधरा दिवस लांब होती. तरीही 5 जुलैला जे झालं त्यामुळे 20 जूनच्या खरेदीची बिनव्याजी मुदतही मागे जाऊन गेली. ज्या बिलात हा खर्च यायचा होता, त्याच्या आधीचं बिल अपुरं भरलं गेलं, एवढं पुरतं. म्हणजे एका ड्यू डेटला रक्कम कमी पडली की दोन बिलांतले खर्च व्याजाखाली येतात. एक आधी आलेलं आणि एक अजून तयार होत असलेलं.

मग मी कुतूहलाने उलटा हिशेब केला. त्या दिवशी 35,000 ऐवजी 39,900 भरले असते आणि फक्त 100 रुपये बाकी राहिले असते तर? पहिल्या दोन ओळींचे 1,933 तसेच राहिले असते, कारण ते 5 जुलैच्या आधीच्या दिवसांचे आहेत. नव्या खर्चाचे 262 तसेच राहिले असते. फक्त 58 च्या जागी एक-सव्वा रुपया आला असता. म्हणजे 4,900 रुपये जास्त भरून माझं व्याज फक्त 56-57 रुपयांनी कमी झालं असतं, आणि आणखी 100 रुपये भरले असते तर उरलेलं सगळंच्या सगळं वाचलं असतं. पूर्ण रक्कम आणि जवळजवळ पूर्ण रक्कम यांत एवढी दरी आहे. शेवटचे शंभर रुपये उसने घेणं शहाणपणाचं ठरतं ते यामुळेच.

दुसरा उलटा हिशेब मला जास्त उपयोगाचा वाटला. समजा पूर्ण भरणं शक्यच नाही हे आधीच ठाऊक आहे. अशा वेळी उपलब्ध पैसे ड्यू डेटपर्यंत खात्यात धरून ठेवण्यात काहीच अर्थ नसतो. आपण वर्षानुवर्षांच्या सवयीने शेवटच्या दिवशी भरतो, कारण तोवर पैसे फुकट वापरायला मिळतात. पण मुदत जाणारच असेल तर ते फुकट नसतात, रोजचं व्याज चढत असतं. मी हे 35,000 रुपये 5 जुलैऐवजी 20 जूनला भरले असते, तर पंधरा दिवसांचं व्याज, म्हणजे 604 रुपये, वाचलं असतं आणि त्यावरचा 109 रुपयांचा जीएसटीही. परताव्यावर भरवसा ठेवून मी थांबले, हे खरं. पण ज्याला शंका असेल त्याने थांबू नये. जमेल तसे दोन-तीन तुकड्यांत भरत गेलं तरी चालतं, कार्डावर मध्येच पैसे भरायला कुणी अडवत नाही.

जीएसटीबद्दल एक आठवलं म्हणून सांगते. घरकर्जाच्या किंवा वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, क्रेडिट कार्डाच्या व्याजावर मात्र 18 टक्के असतो. त्यामुळे 42 टक्के दर प्रत्यक्षात साडेएकोणपन्नास टक्क्यांच्या घरात जातो. तुलना करताना हा आकडा धरायला हवा.

बँकेचं विवरण काही दिवसांनी ईमेलने आलं. माझ्या वहीतल्या पाच ओळी तशाच त्यात होत्या. सोबत फोनही आला. हे व्याज एकदा सोडून द्याल का, असं मी विचारलं. इतकी वर्षं एकही बिल अडलेलं नाही, हेही सांगितलं. फोनवरच्या मुलीने विनंती पुढे पाठवली आणि नकार आला. काही बँका कधीकधी सोडतात असं ऐकलंय, विचारायला काही जात नाही. त्याऐवजी तिने मला थकबाकीचे हप्ते पाडून घ्यायचा पर्याय सांगितला. दर कमी होता, हे खरं. पण लागून गेलेलं व्याज त्याने परत मिळणार नव्हतं, वर प्रोसेसिंग फी होती, आणि माझे पैसे आठवडाभरात येणार होते. नको म्हटलं. थकबाकी मोठी असेल आणि चार-सहा महिने फिटणार नसेल, तर मात्र हा पर्याय मी गांभीर्याने बघितला असता. 42 टक्क्यांच्या तुलनेत तो बरा.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. मी ते पान उघडून बंद केलं. बँकेने नियमाबाहेर काही केलं नव्हतं. आकडे जुळत होते, नियम पुस्तिकेत छापलेला होता. फोनवर मला अर्धवट सांगितलं गेलं, पण तेवढ्यावर ती तक्रार टिकली नसती. विवरणातले दिवस किंवा रक्कम चुकली असती, तर नक्की केली असती.

आता प्रश्न होता यातून बाहेर पडण्याचा. 19,659 च्या बिलाची ड्यू डेट होती 4 ऑगस्ट. परतावा 20 जुलैला खात्यात आला. जुन्या सवयीने 4 ऑगस्टपर्यंत थांबण्याचा मोह झाला, पण आता माहीत होतं की 17,000 रुपयांच्या खर्चावर रोज जवळपास 20 रुपये व्याज चढतंय. 22 जुलैला पूर्ण 19,659 भरले.

त्याआधीच एक काम केलं होतं. मुदत गेलेल्या काळात कार्डावर केलेल्या प्रत्येक नव्या खर्चाला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, म्हणून स्टेटमेंट आलं त्याच दिवशी कार्ड पाकिटातून काढून ठेवलं आणि सगळा खर्च यूपीआयने थेट बचत खात्यातून सुरू केला. यात हमखास विसरतात ते कार्डावर लावून ठेवलेले आपोआप कापले जाणारे व्यवहार. मोबाइलचं बिल, विम्याचा हप्ता, कसलं कसलं मासिक शुल्क. आपण कार्ड कपाटात ठेवतो आणि ते आपले कार्डावर पडतच राहतात. माझे असे काही होते, ते ॲपमध्ये ई-मँडेटच्या यादीत सापडले. तिथून थांबवून बचत खात्यावर वळवले.

पूर्ण भरलं, म्हणजे संपलं असं मला वाटत होतं. 15 ऑगस्टच्या स्टेटमेंटमध्ये पुन्हा फायनान्स चार्जेस होते. 137 रुपये आणि जीएसटी 25. महिन्याभरात कार्डावर एक रुपयाही खर्च केला नव्हता आणि आधीचं बिल मुदतीच्या कितीतरी आधी पूर्ण भरलं होतं. पण या वेळी मी फोन करण्याआधी वही उघडली. 15 जुलैला स्टेटमेंट तयार झालं, मी पैसे भरले 22 जुलैला. मधल्या सात दिवसांत ते 17,000 बाकीच होते. 17,000 रुपये, सात दिवस, 137. स्टेटमेंट छापलं जातं तेव्हा त्यात त्या दिवसापर्यंतचंच व्याज येतं, पुढचं व्याज पुढच्या बिलात येतं. ही शेपटी येणारच. ती चूक नव्हे. बँकेच्या मुलीनेही फोनवर हेच सांगितलं.

पण ही शेपटीच लोकांना पुन्हा अडकवते असं मला वाटतं. 'मी तर सगळं भरलं' या समजुतीने कुणी पुढचं बिल उघडूनच बघत नाही, 162 रुपये थकतात, आणि 162 ही सुद्धा 'कोणतीही रक्कम' असते. ती राहिली की मुदत पुन्हा गेली. म्हणून एकदा बाकी राहिल्यावर पुढची दोन स्टेटमेंट्स तरी शून्य खर्च असला तरी उघडून बघायची. मी ते 162 त्याच दिवशी भरले. शेपटी टाळायची असेल तर स्टेटमेंट यायच्या आधीच कार्डावरची पूर्ण थकबाकी भरावी लागते. तेव्हा ॲपमध्ये 'टोटल अमाउंट ड्यू' नव्हे, 'करंट आउटस्टँडिंग' हा आकडा बघायचा. पहिला शेवटच्या बिलाचा असतो, दुसऱ्यात बिलात अजून न आलेला खर्चही धरलेला असतो. तरीही तोवर साठलेलं आणि न लावलेलं व्याज त्या दुसऱ्या आकड्यात दिसेलच असं नाही, म्हणून पुढचं बिल बघायचंच.

16 ऑगस्टनंतर मी कार्ड पुन्हा वापरायला लागले, मुद्दाम थोडं थोडं. आधीच्या बिलाची पै न् पै भरलेली होती, त्यामुळे मुदत परत मिळायला हवी होती. 15 सप्टेंबरच्या बिलात फायनान्स चार्जेसच्या ओळीत शून्य आलं. मुदत परत मिळाली की नाही, हे या एकाच ओळीवरून कळतं. ॲपवरची हिरवी खूण आणि 'धन्यवाद' चा मेसेज ते सांगत नाहीत, ते जुलैमध्येही आले होते.

मिनिमम ड्यूबद्दल दोन शब्द. मी त्याहून जास्त भरलं होतं म्हणून लेट फी लागली नाही आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये उशिराची नोंद झाली नाही. तेवढं संरक्षण ते देतं. बिनव्याजी मुदतीशी त्याचा काही संबंध नाही. 2,000 भरा किंवा 39,900, मुदत दोन्हीत जाते. मिनिमम आणि टोटल असे दोनच आकडे बिलावर ठळक छापतात, त्यामुळे मधली कोणतीही रक्कम भरली तर मधलंच काहीतरी होत असेल असं वाटतं. व्याजाच्या रकमेत थोडाफार फरक पडतो, मुदतीच्या बाबतीत मधलं काही नसतं.

एक गोष्ट सहकाऱ्यामुळे कळली. त्याने एक वस्तू परत केली होती आणि तिचे पैसे येणार म्हणून बिलातून तेवढी रक्कम वजा करून भरली. पैसे कार्डावर ड्यू डेटनंतर आले, आणि त्याच्या बिलातही माझ्यासारखीच ओळ उमटली. परताव्याची रक्कम ड्यू डेटच्या आधी कार्डावर जमा झाली आणि ते बिल तोवर भरलेलं नसेल, तर ती बिलातून वळती करावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण दुकानाने 'पाठवले' म्हणणं आणि कार्डावर जमा होणं यांत काही दिवस जाऊ शकतात. जमा झालेले दिसत नसतील तर पूर्ण भरावं. नंतर आलेली रक्कम कार्डावर जमा म्हणून राहते, कुठे जात नाही.

आता माझ्या कार्डावर ऑटो-पे लावलंय. लावताना त्यात 'मिनिमम' की 'टोटल' असं विचारतात आणि माझ्या ॲपमध्ये आधीपासून निवडलेला पर्याय 'मिनिमम' होता. तो बदलला. ज्यांनी पूर्वीच ऑटो-पे लावलंय त्यांनीही एकदा उघडून बघावं.

एकूण खर्च झाला 2,821 रुपये. 5,000 रुपये सतरा दिवस उशिरा भरण्याचे. दोन्ही स्टेटमेंट्स आणि बँकेचं विवरण जोडून मी ते अकाउंट्सकडे मागितले, कारण उशीर त्यांच्या फाइलमुळे झाला होता. नकार आला. प्रवासखर्चाच्या धोरणात व्याज हा प्रकारच नाही, असं उत्तर मिळालं. पण अकाउंट्सच्या साहेबांनी त्याच ईमेलमध्ये लिहिलं होतं की दौऱ्यासाठी आगाऊ रक्कम घेता येते, त्याचा वेगळा फॉर्म आहे आणि तो निघण्याच्या आठवडाभर आधी द्यावा लागतो. ऑक्टोबरच्या दौऱ्यासाठी मी तो भरला. पैसे निघण्याच्या आदल्या दिवशी खात्यात आले आणि हॉटेलचं बिल मी डेबिट कार्डाने दिलं.